चालती रेघ आणि आठवड्याची फाइल

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पुरा झाला तेव्हा आमच्या वस्तीत सगळ्यांनी धरून चाललं होतं की मी आता टीव्ही दुरुस्त करणार. शहापूरच्या बाजारात एक दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे बाबा माझ्यासाठी शब्द टाकूनही आले होते. मालक म्हणाला, पोरगी टेबलावर बसलेली बघून गिऱ्हाईक बिचकेल. बाबा सरकारी कचेरीत शिपाई, उत्तर देण्यात पटाईत. म्हणाले, "गिऱ्हाईक बिचकू दे, टीव्ही नाय बिचकत." पण ते दुकान राहिलंच. त्याच सुमारास जमिनीची थरथर मोजणाऱ्या एका संस्थेला आमच्या भागात तांत्रिक सहायक हवा होता, स्थानिक आणि डोंगर चढायची तयारी असलेला. मी अर्ज केला आणि मुलाखतीला गेले.

मुलाखत घेणाऱ्या तिघांमध्ये एक बाई होत्या. साधी सुती साडी, पायात ट्रेकिंगचे बूट. दोन पुरुषांनी मला ट्रान्झिस्टरबद्दल विचारलं. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "घरातली वस्तू बिघडली तर आधी काय बघतेस?"

मी म्हटलं, "आधी वीज आहे का बघते."

त्या हसल्या. पुढली काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही मॅडमच म्हणायची.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पाऊस संपला आणि जलाशय काठोकाठ भरला की आमच्या भागात जमीन अधूनमधून घुमायची. लांबून पिंप गडगडत आल्यासारखा आवाज, मग भांड्यांची किणकिण, की संपलं. नुकसान कधी झालं नव्हतं. पण वर एवढं मोठं धरण आणि खाली आपण, हे प्रत्येकाच्या डोक्यात असायचं. संस्थेने त्यासाठीच तीन ठाणी उभारली होती: एक शेणव्याच्या बाजूला, एक उंबरमाळीच्या जंगलात, एक मुरबाडकडच्या डोंगरावर. ठाणं म्हणजे सिमेंटचा खड्डा, त्यात कातळावर बसवलेलं भूकंपमापक, बाजूला लोखंडी पेटीत नोंद करणारं यंत्र, वर सौर पॅनेल, भोवती काटेरी तार. ते यंत्र सेकंदाला शंभर वेळा जमिनीची हालचाल मोजून आपल्या डिस्कवर लिहीत बसायचं. कोणी नसतानाही, काही हलत नसतानाही.

माझं काम आठवड्याचं होतं. लॅपटॉप पाठीला लावायचा, एसटीने जमेल तेवढं जायचं, पुढे चालायचं, पेटी उघडून आठवड्याची फाइल उतरवून घ्यायची, बॅटरीचं पाणी बघायचं, पॅनेल पुसायचं आणि खाली यायचं. तिन्ही ठाण्यांच्या फाइली सीडीवर भरून मुंबईच्या कार्यालयात गेल्या की तिथला संगणक त्या एकदम तपासायचा. मॅडमनी मला एकदा शेजारी बसवून ते दाखवलं. आठवड्याची रेघ पडद्यावर पुढे-मागे सरकवता येत होती. कुठे काही उठलेलं दिसलं की त्याच्या आधी काय होतं, नंतर काय झालं, त्याच क्षणी बाकीच्या दोन ठाण्यांवर काय होतं, सगळं बघून मग ठरवायचं. एका दुपारीत तिन्ही ठाण्यांचा आठवडा आटोपायचा. एक संगणक, एक माणूस, आणि माझं एसटीचं भाडं. स्वस्त आणि चोख काम. माझ्या मनात तेव्हा त्यात कमी काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरताना जमीन जरा जास्तच घुमायला लागली. शेणव्याच्या ठाण्याखाली एक वाडी होती. वाडीतल्या लोकांकडे स्वतःची जमीन नाही. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, उतारावर थोडी वरई, आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर. मी ठाण्यावर जाताना तिथल्या एका मावशीकडे पाणी प्यायची. त्या दिवशी मी खाली उतरले तर वाडीतली माणसं अंगणात गोळा होऊन बसलेली.

मावशी म्हणाली, "बाय, तुज्या पेटीत काय आलं? धरान तडकलं म्हंतात."

"पेटीत नोंद आहे, मावशी. मुंबईला जाईल, तिथे बघतील."

"मंग कवा कलंल?"

"पुढल्या आठवड्यात. फार तर त्याच्या पुढच्या."

पाठीवरच्या लॅपटॉपात उत्तर होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. तेव्हा मला तेवढं शिकवलेलंच नव्हतं, आणि एका ठाण्याच्या फाइलवरून धक्क्याची जागा कळतही नाही.

उत्तर आलं तेव्हा ते अगदी नेमकं होतं. धक्के लहान, धरणाच्या भिंतीपासून लांब, काळजीचं कारण नाही. ते टाइप केलेलं पत्र घेऊन मी वाडीत गेले तर निम्म्या झोपड्यांना ताटी लावलेली. माणसं हंगामाच्या आधीच भट्ट्यांकडे निघून गेली होती, शाळेतली पोरं सोबत घेऊन. उतारावरची वरई कणसं भरत असतानाच कोणी कापून नेली होती, कोणी तशीच सोडली होती. मावशीसुद्धा गेली होती.

मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्यांनी ते पत्र मागून घेतलं, वरची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "उत्तर बरोबर होतं, पण ज्याला हवं होतं तो निघून गेल्यावर आलं."

त्यानंतर वर्षभर त्यांनी वरिष्ठांशी जो झगडा केला त्याचा मी थोडाच भाग पाहिला. त्यांना ठाण्यांवरची रेघ थेट शहापूरला आणायची होती, रेडिओवरून, घडतंय तेव्हाच. वरून प्रश्न यायचा की भूकंप तोच, यंत्र तेच, मग उत्तरासाठी इतका जास्त खर्च कशाला? आणि खर्च खरोखरच जास्त होता. नोंद करणारं यंत्र वीज थोडी खातं, पण रेडिओ सतत बोलत राहिला की बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणजे पॅनेल मोठं, बॅटऱ्या जास्त. उंबरमाळीहून शहापूर दिसत नाही, म्हणून मध्ये एका टेकडीवर रेडिओचा आणखी एक थांबा. शहापूरला खोली, कधीही बंद न होणारा संगणक, भारनियमनात तो चालू ठेवायला इन्व्हर्टर, आणि समोर पाळीपाळीने बसणारी माणसं. फाइलला हे काहीच लागत नाही. फाइल वाट बघू शकते.

मॅडमनी कधीही हा खर्च लपवला नाही किंवा कमी करून दाखवला नाही. मला ते फार आवडायचं. त्या म्हणायच्या, "लाइव्ह महाग आहे आणि कच्चं आहे. तरी हवं आहे. पण बारा महिने नको, पाऊस सरल्यापासून होळीपर्यंत पुरे. आणि फाइल बंद करायची नाही." शेवटी तेवढ्याला मंजुरी मिळाली.

तारा जोडताना त्यांनी एक गोष्ट स्वतः बसून केली. बॅटरी उतरायला लागली की पेटीतल्या कशाचा वीजपुरवठा आधी तुटावा, हे ठरवायचं होतं. दुसऱ्या कोणी दोन्ही एकत्र जोडलं असतं. मॅडमनी मध्ये एक छोटं सर्किट घातलं: आधी रेडिओ बंद होईल, नोंद चालूच राहील.

"म्हणजे लाइव्ह गेलं तरी चालेल?" मी विचारलं.

"चालणार नाही. पण लाइव्ह गेलं तर आपण आंधळे होऊ, आणि नोंद गेली तर कायमचे आंधळे."

शहापूरची खोली बाजारापासून जरा आत, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर होती. गच्चीवर अँटेना लागला, पडद्यावर तीन रेघा सरकायला लागल्या. पहिल्या दिवशी मी जेवायलाही उठले नाही. शेणव्याच्या डोंगराखालची जमीन आत्ता, या घटकेला काय करतेय ते मी शहापूरला बसून बघत होते.

मग त्रास सुरू झाला. संगणक धक्का ओळखायचा तो एका साध्या हिशेबाने. गेल्या अर्ध्या सेकंदातली सरासरी थरथर आणि गेल्या अर्ध्या मिनिटातली सरासरी थरथर यांचं गुणोत्तर सतत काढत राहायचं. अर्ध्या सेकंदाची सरासरी अर्ध्या मिनिटाच्या सरासरीपेक्षा एकाएकी कितीतरी पट वाढली की घंटा. हा हिशेब पटकन होतो, कारण मागचं थोडंसंच लक्षात ठेवावं लागतं. पण त्याला पुढचं काही दिसत नाही. कसारा घाटाकडे मालगाडी निघाली की उंबरमाळीला घंटा. शेणव्याला तारेला म्हैस अंग घासते, घंटा. वीज कडाडली, घंटा. फाइलमध्ये हेच सगळं असायचं, पण तिथे आपल्याला गाडीची थरथर हळूहळू चढून मिनिटभराने उतरलेली पूर्ण दिसते आणि आपण ती बाजूला टाकतो. लाइव्हमध्ये ती चढतानाच ठरवायचं असतं.

पाळीला बसणारा ऑपरेटर वैतागला. "मॅडम, घंटेची पातळी वर करू का? शांतता तरी मिळेल."

"वर केलीस तर लहान धक्के सुटतील," मॅडम म्हणाल्या. "त्यापेक्षा साक्षीदार वाढवू."

त्यांनी नियम घातला. एका ठाण्याची घंटा म्हणजे काहीच नाही. काही सेकंदांच्या आत किमान दोन ठाण्यांनी एकच गोष्ट सांगितली तरच संगणकाने आम्हाला बोलवायचं, आणि जागा सांगायची ती तिन्हींनी सांगितल्यावरच. म्हैस एकाच ठाण्यावर असते. खोटी घंटा जवळजवळ थांबली. त्या बदल्यात दुसऱ्या, तिसऱ्या ठाण्यावर लाट पोचेपर्यंत थांबावं लागायचं. पण ते सेकंदांचं थांबणं होतं, आठवड्याचं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी परतीचा पाऊस रेंगाळला. चार-पाच दिवस ऊन नाही. मुरबाडच्या डोंगरावरची रेघ एका सकाळी पडद्यावरून गेली. बॅटरी उतरली होती, रेडिओ बंद पडला होता. मी दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घेऊन जायचं ठरवत होते आणि तेवढ्यात, भर बाजाराच्या वेळी, जमीन घुमली.

हा नेहमीचा धक्का नव्हता. खोलीच्या खिडक्या थडथडल्या, खाली बाजारात एकदम गलका झाला. पडद्यावर शेणवा आणि उंबरमाळी, दोन्ही रेघा वरपासून खालपर्यंत भरून गेल्या. तिसऱ्या रेघेची जागा रिकामी.

मॅडम त्या दिवशी सुदैवाने शहापूरलाच होत्या. त्यांनी आधी जमिनीवर सांडलेला चहा ओलांडला आणि पडद्यासमोर बसल्या. भूकंपाच्या दोन लाटा निघतात, एक वेगाची, एक मागून येणारी. दोन्हींमध्ये किती सेकंदांचं अंतर पडलं यावरून धक्का ठाण्यापासून किती लांब झाला ते कळतं. आमच्या भागात त्या सेकंदांना आठाने गुणलं की साधारण किलोमीटर येतात. त्यांनी नकाशा पसरला, कंपास घेतला, शेणव्याभोवती एक वर्तुळ काढलं, उंबरमाळीभोवती दुसरं. दोन वर्तुळं दोन जागी एकमेकांना छेदत होती. एक बिंदू जलाशयाच्या काठाशी. दुसरा लांब, दुसऱ्या बाजूच्या डोंगरात.

"तिसरं वर्तुळ असतं तर?" मी म्हटलं.

"तर त्यातला एक बिंदू पुसला असता."

फोन वाजला. धरणावरचे अभियंते होते. चांगला, शांत डोक्याचा माणूस. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला होता. मॅडमनी मला ऐकू यावं म्हणून फोन जरा लांब धरला.

"मॅडम, भिंतीची पाहणी सुरू केलीय. पण काठाशी झालं असेल तर मला खालच्या गावांना सूचना द्यावी लागेल. लोक आधीच निघालेत. कुठे झालं ते सांगा."

"कुठे ते मला आत्ता माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन जागा शक्य आहेत. त्यातली कुठलीही असली तरी धक्का तीन रिश्टरच्या आसपासचा आहे, हे मी खात्रीने सांगते, कारण दोन्ही ठाण्यांपासूनचं अंतर दोन्ही जागांना सारखंच आहे. जागा दुपारपर्यंत सांगते."

"दुपारपर्यंत लोक थांबणार नाहीत."

"आकार सांगून थांबवा. जागेबद्दल काही बोलू नका. माझंही तेच चाललंय."

मॅडमना अंदाज करणं सोपं होतं. आधीचे बहुतेक धक्के डोंगराकडचेच होते. त्या 'डोंगरात' म्हणाल्या असत्या तर त्या क्षणी सगळ्यांना हायसं वाटलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या शब्दाच्या जवळ गेल्याच नाहीत.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "मुरबाडच्या पेटीत नोंद असणार. रेडिओ गेलाय, नोंद नाही. जीप घे, नवी बॅटरीही टाक. फाइल इथे आणत बसू नकोस, वरच उघड. दोन लाटांमधलं अंतर तुला आता वाचता येतं ना?"

"येतं."

"चारच्या आसपास सेकंद आले तर काठ. सहाच्या आसपास आले तर डोंगर. खाली गावात पीसीओ आहे, तिथून फोन कर. मी हललेली नसेन."

खाली दारासमोर माणसं जमली होती. त्यात एका गावचे सरपंच होते, माझ्या ओळखीचे. "काय गो, धरान बरोबर हाय ना? काय तरी सांग." मी काही बोलायच्या आत मॅडम जिन्यावरून उतरल्या आणि पायरीवर उभं राहून त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं जे अभियंत्यांना सांगितलं होतं. लहान आहे हे नक्की. कुठे झालं ते नक्की नाही, दुपारी सांगेन, इथेच सांगेन. एक जण ओरडला, "म्हंजे तुमाला पण माहीत नाय!" मॅडम म्हणाल्या, "बरोबर. अर्धं माहीत आहे. अर्धं आणायला ही निघाली आहे." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी जीपमध्ये बसले.

सापगावच्या पुलावर टेम्पो, बैलगाड्या, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका. मला त्यात ती रिकामी वाडी दिसत होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून वाट काढत होता. पुढे रस्ता मोकळा झाला. मुरबाडकडच्या त्या डोंगराची पायवाट ओली, निसरडी. मी एरवी थांबत थांबत चढायची, त्या दिवशी कुठे थांबले ते आठवत नाही.

पेटी उघडली. रेडिओचा दिवा विझलेला. नोंदीच्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तो बघून मला मॅडमचं ते छोटं सर्किट आठवलं आणि मी कोणी नसताना मोठ्याने "वा" म्हटलं.

लॅपटॉप जोडला, सकाळचा भाग उतरवला, रेघ पडद्यावर आणली. सपाट, सपाट, मग एक बारीक उसळी. पहिली लाट. मग दुसरी, रुंद, मोठी. मी पहिलीवर खूण केली, दुसरीवर केली, पुसली, रेघ मोठी करून पुन्हा केली. सहाला किंचित कमी. पुन्हा मोजलं. तेवढंच.

खाली गावात पीसीओवर एक गिऱ्हाईक बोलत होतं. मी त्याच्यापुढे हात जोडले. त्याने फोन सोडला. पलीकडे पहिल्याच घंटीला मॅडमनी उचलला.

"सहाला थोडं कमी," मी म्हटलं.

"दोनदा मोजलंस?"

"तीनदा."

पलीकडे कंपासचा आवाज ऐकू आला असं मला वाटलं, पण तो भास असावा. मग त्या म्हणाल्या, "डोंगर. शाबास. आता परत वर जाऊन बॅटरी बदल आणि सावकाश उतर, घाई संपली."

मी परत आले तोवर त्यांनी अभियंत्यांना कळवलं होतं, भिंतीची पाहणीही नीट निघाली होती, आणि पायरीवर उभं राहून लोकांना सांगितलंही होतं. पुलावरून बोचकी उलट्या दिशेने चालली होती. सरपंच अजून तिथेच होते. म्हणाले, "तुज्या मॅडमनं थापा नाय मारल्या. आमी जे थांबलो ते तेवड्यासाठीच."

इथेच संपलं असतं तरी मी ही आठवण सांगितली असती. पण मॅडमबद्दलचा माझा खरा आदर पुढच्या आठवड्यातला आहे.

आठवड्याच्या शेवटी मी नेहमीसारख्या तिन्ही फाइली उतरवल्या. आता लाइव्ह आहे तर फाइली कशाला, असं ऑपरेटर म्हणालाच. रेडिओत मधेमधे तुकडे गळतात, पेटीतल्या फाइलमध्ये गळत नाहीत. एवढं मला माहीत होतं. मुंबईला पूर्ण तपासणी झाली आणि त्यातून जे निघालं ते मी दोनदा वाचून काढलं. मोठ्या धक्क्यानंतर पाठोपाठ कितीतरी लहान धक्के आले होते आणि लाइव्हने त्यातले बरेच धरलेच नव्हते. कारण मोठ्या धक्क्याने अर्ध्या मिनिटाची सरासरीच इतकी फुगली होती की त्यापुढे लगेच मागून आलेली लहान उसळी उसळी वाटेना, आणि पुढच्या दिवसांतले धक्के इतके बारीक की दोन ठाण्यांची घंटा वाजलीच नाही. फाइलमध्ये मागे जाऊन, सगळ्या ठाण्यांना एकमेकांवर ठेवून ते वेगळे काढता आले. उलट लाइव्हने धक्का म्हणून धरलेला एक प्रकार निघाला दगडखाणीचा सुरुंग. आणि मुख्य धक्क्याची जागा आम्ही सांगितली त्याहून थोडी सरकली होती, खोलीही जास्त निघाली.

मोठी गोष्ट ही की ते लहान धक्के दिवसागणिक विरळ होत चालले होते. हे लाइव्हवरून सांगताच आलं नसतं, कारण त्याने ते मोजलेच नव्हते.

मला वाटलं, हे सगळं अहवालात जाईल. लोकांना काय त्याचं? जागा थोडी सरकली, तरी डोंगरातच होती. पण मॅडम म्हणाल्या, "आपण पायरीवर उभं राहून सांगितलं होतं. दुरुस्तीही तिथेच सांगायची. आणि वाडीत जाऊन सांगायची."

आम्ही दोघी वाडीत गेलो. मावशी त्या वर्षी गेली नव्हती. अंगणात बसून वरई पाखडत होती, शेजारच्या बायकाही जमल्या. मॅडम बूट काढून जमिनीवर बसल्या, नकाशा पसरला, पहिला ठिपका दाखवला, दुसरा दाखवला.

मावशीने सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे बाई, तवा तुमी चुकीचं सांगितलं व्हतं?"

"तेव्हा घाईचं सांगितलं होतं. घाईचं आहे हे म्हटलंही होतं. हे आता सावकाशीचं."

"आनि सावकाशीचं काय म्हनतं?"

"जमीन शांत होतेय. रोज थोडी थोडी."

मावशीने दोन्ही ठिपक्यांकडे पाहिलं. मग बोटाने दोन्हींमधलं अंतर मोजलं. "एवडुसंच चुकलं व्हय," ती म्हणाली. "एवडंसं सांगायला कोन येतं इतं." आणि ती आत जाऊन आमच्यासाठी गुळाचा चहा टाकून आली. वाडीतली पोरं त्या वर्षी दिवाळीपर्यंत शाळेत होती.

पुढे आमची पद्धत ठरून गेली. पाऊस सरला की लाइव्ह सुरू, होळीनंतर बंद. फाइल बाराही महिने. धक्का झाला की मिनिटांत आकार आणि जमलं तर जागा, 'अंदाज' हा शब्द लावून. आठवड्याने फाइलचं उत्तर, जुन्या उत्तराशेजारी ठेवून, फरक न लपवता. वरच्या लोकांना खर्च पटायला लागला, कारण तो अर्ध्याच वर्षाचा होता आणि त्यातून काय मिळालं हे मॅडमना दाखवता येत होतं. मी हळूहळू लाटा वाचायला, मग जागा काढायला शिकले. मॅडम माझं काम पुन्हा तपासायच्या, पण मी काढलेली जागा त्यांनी कधी न सांगता बदलली नाही.

काही वर्षांनी त्यांची बदली लांबच्या राज्यात झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना लाइव्हचं फार कौतुक होतं. तोपर्यंत फोनच्या लाइनी सुधारल्या होत्या, रेडिओचं सामान स्वस्त झालं होतं. बैठकीत ते म्हणाले, "सगळं थेट येतंय, मग डोंगर चढून फाइली आणायचा खर्च आता वाचवू या." मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर उभी राहिले. सुटलेल्या लहान धक्क्यांची ती जुनी आकृती मी सोबत नेली होती, शेजारी लाइव्हने धरलेल्या धक्क्यांची. बोलायला मला फार वेळ लागला नाही. साहेबांनी दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली आणि फाइली चालू राहिल्या.

त्या संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. बैठकीतलं सगळं सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक दिली नसावी. त्यांनी विचारलं ते वेगळंच: वाडीत यंदा कोण कोण आहे, आणि सुरुंगवाल्या खाणीने आपली वेळ कळवायला सुरुवात केली का. खाण कळवत होती. वाडीत सगळे होते, मावशीचा नातू सोडून. तो मुरबाडच्या वसतिगृहात राहून शिकत होता. हे ऐकून त्या इतक्या मोकळ्या हसल्या की फोनवरच्या खरखरीतूनही मला ते नीट ऐकू आलं.